बुधवारचं माप, शनिवारचं दार

कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या त्या केंद्रात तिला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. ती तारीखबाई. आतल्या खोलीत माप देऊन माणूस बाहेर आला, की ती त्याच्या हातात चिठ्ठी ठेवायची. पंचेचाळीस दिवसांनी अमुक तारखेला या, पाय तयार असेल. एवढंच काम. पण ज्याला एक जिना उतरायला अर्धा तास लागतो, त्याच्या हातातली ती चिठ्ठी काय असते, हे तारीखबाईलाच विचारावं.

केंद्र दर रविवारी बंद, शिवाय महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद. सण असो की जयंती, बाकी कधीच बंद नाही. रविवार बिचारा सरळ, कुणीही ओळखतो. शनिवारानं मात्र तिचा जीव खाल्ला. बुधवारी माप दिलं की पंचेचाळिसावा दिवस हटकून शनिवार येतो. आता तो शनिवार दार उघडं असणारा की बंद असणारा, हे चिठ्ठी लिहितानाच ठरवावं लागायचं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिनं तिथं माती खाल्ली होती. तेव्हा तिचा समज असा, की एक शनिवार चालू, एक बंद, मग पुन्हा चालू. बोटांवर मोजायचं आणि लिहायचं. त्या वर्षी मार्चमध्ये शनिवार आले पाच. तिथं गाडी घसरली आणि एप्रिलचा दुसरा शनिवार तिच्या बोटांवर चालूचा निघाला. तिनं बेधडक लिहिलं, बारा एप्रिल. एक बाप सात वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन, दोन गाड्या बदलून आला आणि दुपारपर्यंत बंद दाराच्या पायरीवर बसून परत गेला. पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले, तेव्हा ती माफी मागायला उठली. त्याआधीच तो म्हणाला, "आम्हीच चुकून लवकर आलो असू, बाई."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. शिव्या माणूस विसरतो. हे वाक्य तिला कधी विसरता आलं नाही.

तेव्हापासून दर वर्षी नवं कॅलेंडर हातात पडलं की ती लाल पेन्सिल घेऊन बसायची. प्रत्येक महिन्यात पहिल्या तारखेपासून बोट फिरवत शनिवार मोजायचे, दुसऱ्याला गोल, चौथ्याला गोल. वर्षाचे चोवीस गोल, आणि प्रत्येक गोल दोनदा तपासायचा. पुन्हा एकही चिठ्ठी चुकली नाही. जुनी कॅलेंडरं ती गुंडाळी करून पलंगाखाली ठेवायची. "आई, या वर्षांना आता तरी सोडा," असं सून चिडवायची. तारीखबाई म्हणायची, "तुझ्या पलंगाखाली आहेत का? मग गप्प बस."

आता तिच्या निवृत्तीला एक महिना उरला होता आणि केंद्रात कंप्युटर आला होता. मापाची तारीख टाकली की पंचेचाळीस दिवसांनंतरची तारीख शेजारच्या चौकटीत आपोआप उमटायची. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेवढे सुट्टीचे शनिवार तुम्ही भरून द्या. पुढच्या दोन वर्षांचे पुरे."

तारीखबाईनं भरले. अठ्ठेचाळीस तारखा, मान मोडून. पण घरी जाताना तिच्या डोक्यात भुंगा लागला. तिसऱ्या वर्षी कोण भरणार? कंप्युटर तर खुशाल शनिवार देत राहणार, आणि कुणीतरी पुन्हा त्या पायरीवर येऊन बसणार.

रविवारी दुपारी तिनं सुनेला समोर बसवलं. सून एका शाळेच्या कार्यालयात दिवसभर अशाच चौकटी भरायची.

"मला पुढच्या पन्नास वर्षांचे शनिवार भरून दे," तारीखबाई म्हणाली.

"पन्नास वर्षं? आई, मला घरची कामं आहेत." सून हसली, पण लॅपटॉप उघडला. "भरायचं काहीच नाही. समोर कुठलीही तारीख आली तरी आपण सुट्टीची की नाही, हे त्या तारखेनंच सांगायला हवं. मला एक सांगा, दुसरा शनिवार लवकरात लवकर किती तारखेला येतो?"

"असं काही नसतं गं. दर महिन्याला तो वेगळा. फार लहरी असतो."

"काढा ना तुमची वर्षं."

पलंगाखालची सगळी गुंडाळी बाहेर आली. जमिनीवर कॅलेंडरं पसरली आणि कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या, नाहीतर ती पुन्हा गुंडाळायची. तारीखबाई गुडघ्यांवर रांगत आपलेच लाल गोल वाचू लागली. दहा. तेरा. आठ. बारा. चौदा. नऊ. दुसरं वर्ष. अकरा, आठ, चौदा. तिसरं. सातवर एकही गोल नव्हता. पंधरावर एकही नव्हता. चौथे शनिवार पाहिले, तर सगळे बावीस ते अठ्ठावीसच्या आत. तिनं फेब्रुवारी पाहिले, लीप वर्षाचा फेब्रुवारी पाहिला, पाच शनिवारांचे मार्चही पाहिले. एकही गोल बाहेर गेला नव्हता.

ती उठून बसली. इतकी वर्षं हेच गोल तिनं स्वतःच्या हातानं काढले होते, आणि ते असे शिस्तीत उभे आहेत हे तिला दिसलंच नव्हतं.

"हे कुणी केलं?" ती हळूच म्हणाली.

"कुणी नाही. एक ते सात या सात दिवसांत शनिवार एकदाच येणार. तो पहिला. मग आठ ते चौदात पुन्हा एकदाच. तो दुसरा. महिना कुठल्याही वारी सुरू होऊ दे, शनिवार जाणार कुठे?"

"आणि मी त्याला लहरी म्हणत होते!"

सुनेनं सांगत सांगत फॉर्म्युला लिहिला. आधी विचारायचं, वार शनिवार आहे का. असेल तर तारखेचा आकडा सातने भागायचा आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्ण आकडा घ्यायचा. उत्तर दोन किंवा चार आलं तर लिहायचं, सुट्टी. एकोणतीसला उत्तर पाच येतं, म्हणून पाचवा शनिवार चालू. त्याच्या शेजारी तिनं आणखी एक चौकट केली. सुट्टी असेल तर दोन दिवस पुढे, म्हणजे सोमवार. "टाका आता कुठलीही तारीख," ती म्हणाली.

तारीखबाईनं चाळीस वर्षांपुढची एक टाकली. आपण नसू तेव्हाची. कंप्युटरनं क्षणही घेतला नाही. तिनं आपल्या जन्माच्या महिन्यातले शनिवार टाकले, लग्नाच्या वर्षातले टाकले, मग पसरलेल्या कॅलेंडरांवरचे काही गोल टाकून पाहिले आणि दर वेळी मान हलवली. मग ती थांबली. एक एक आकडा शोधत तिनं आणखी एक तारीख टाकली. बारा एप्रिल, त्या वर्षीची.

शेजारी उमटलं, सुट्टी.

"ही कुठली?" सुनेनं विचारलं. तारीखबाईनं तिला ते सगळं पहिल्यांदाच सांगितलं. खांद्यावरची मुलगी, पायरी, बापाचं वाक्य.

"ते लवकर नव्हते आले गं," ती म्हणाली. "मी सांगितलेल्याच दिवशी आले होते."

सुनेनं तिचा हात धरला आणि शेवटच्या चौकटीकडे नेला. तिथं लिहिलं होतं, सोमवार, चौदा एप्रिल. त्या दिवशी दार सकाळी नऊ वाजता उघडलं होतं, आणि मुलीचा पाय आत कपाटात तयार होता.