जीप भरेपर्यंतचा सराव

गेल्या वर्षी शिक्षकांच्या तीन किलोमीटर शर्यतीत मी अर्ध्या वाटेत मटकन बसले आणि ॲम्ब्युलन्समधून अंतिम रेषेपलीकडे गेले. माझ्या वर्गातली पोरं टाळ्या पिटत होती. त्यांना वाटलं, बाई जिंकल्या! तेव्हाच ठरवलं, औंदा काही होवो, पायांवर पोहोचायचं.

पण पळायचं कधी? मी राहते शहाद्यात आणि शाळा सातपुड्याचा घाट चढून धडगावजवळ. जायला दोन तास, यायला दोन तास. नवरा म्हणाला, "सकायमाच पय. सकायनी हवा चांगली ऱ्हास." एवढं ज्ञान देऊन तो कूस बदलून झोपला. मोबाइलवरून तासभर पळण्याचा बेतही त्यानेच काढलेला. सहाची एसटी, त्याआधी डबा, त्याआधी तासभर पळणं, म्हणजे साडेतीनला उठा! चार दिवस उठले. पाचव्या दिवशी पाढे म्हणवून घेताना खुर्चीतच डोळा लागला. पोरं इतकी गुणी, हळू आवाजात म्हणायला लागली.

मग संध्याकाळ धरली. घरी पोहोचायला आठ, पुढे भाकरी. तासभर सराव? डोंबल!

शेवटी अक्कल आली ती जीपमुळे. परतीची जीप भरल्याशिवाय हलत नाही. मी सीटवर पिशवी ठेवून उताराच्या रस्त्याने पुढे निघायचे, जीप मागून येऊन मला उचलायची. वीस-पंचवीस मिनिटं मिळायची, पण रोज मिळायची. पहिल्या दिवशी धापा टाकत तशीच आत बसले, तर पोटरीत असा गोळा आला की मी किंचाळले आणि शेजारची शेळीही. तेव्हापासून आधी थोडं चालणं, मग पळणं आणि शेवटी पुन्हा चालणं. लांबचं पळणं रविवारी.

शर्यतीच्या आधीचा रविवार पाहुण्यांनी खाल्ला. तीन किलोमीटर न थांबता एकदाही जमलं नव्हतं. म्हटलं, सोमवारी पळू. नेमका सोमवारी बाजार! मी पोहोचले तेव्हा जीप टपापर्यंत भरलेली. पिशवी मांडीवर घेऊन मी ड्रायव्हरवर भडकले, "एवढी घाई कशाला करता भरायची?"

तो हसला. "उतरा ताई. पया. गाडी मांगे शे."

"आणि ही माणसं?"

त्याने मागे वळून बायांच्या पावरी बोलीत काहीतरी विचारलं. बाजार करून दमलेल्या बाया एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या, आणि एकीने माझी पिशवी ओढून घेतली.

मी पळत सुटले. मागे जीप, माझ्याच चालीने. शेवटच्या वळणावर छाती फुटायला आली, पाय थांबणार, तेवढ्यात मागून कोंबड्यांसकट अख्खी जीप ओरडली. मी थांबले नाही. तीन किलोमीटर झाले, मग चालत राहिले, आणि मला रडू आवरेना. जीप जवळ आल्यावर मी दाराला हात घातला, तर ड्रायव्हर म्हणाला, "अजून चाला ताई, पोटरी चढी. आम्हले काय घाई शे?"