तानाबाईंच्या स्वयंपाकघरातला व्हॉल्व्ह

सयाजी इंगवले रोज पहाटे शिवाजी पेठेतलं पाणी सोडायचा. लोखंडी चावी व्हॉल्व्हवर बसवून फिरवली की तो तिच्या दांड्याला कान लावायचा. पाणी पुढं सरकल्याचा आवाज आला की मान हलवायचा आणि पुढच्या गल्लीकडं निघायचा. छातीएवढी उंच ती चावी त्याच्या खांद्यावर सत्तावीस वर्षं होती. त्याला पेठेत चावीवालाच म्हणत.

२००७च्या मे महिन्यात त्याच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. तालमीसमोरच्या गल्लीत सोमवारपासून काँक्रीट पडणार होतं. त्या गल्लीत सात व्हॉल्व्ह. सहांची झाकणं दिसत होती. सातवा जुन्या डांबराखाली गेला होता आणि तो फक्त सयाजीला ठाऊक होता. नकाशावर ज्यांच्या खुणा असतील तेवढ्यांभोवतीच ठेकेदार खड्डा ठेवणार होता. बाकीचं काँक्रीटखाली जाणार, आणि पाइप फुटला तर सगळ्या पेठेचं पाणी बंद करावं लागणार.

नकाशासाठी खुणा घ्यायला पालिकेकडून वीरेश आला. गडहिंग्लजकडचा, हातात मोबाइलएवढं जीपीएस यंत्र. शनिवारी सकाळी तो सातव्या जागेवर उभा राहिला, तर पडद्यावरची खूण या घरावरून त्या घरावर उड्या मारू लागली.

"अचूकता तीस मीटर दाखवतंय," वीरेश म्हणाला.

"तीस मीटरात माझी आख्खी गल्ली बसती की," सयाजी म्हणाला.

वीरेशनं सेटिंग उघडलं. बॅटरी वाचवणारा मोड चालू होता, त्यात यंत्र अधूनमधूनच जागा मोजत होतं. त्यानं तो बंद करून नेहमीचा मोड लावला. खूण जरा कमी नाचू लागली, पण थांबली नाही. दोन्ही बाजूंना तीन मजले, वर सज्जे आणि पत्रे. आभाळ म्हणजे एक अरुंद पट्टी. उपग्रह तीनच लागत होते, आणि त्यांचे संकेतही भिंतींवर आपटून येत होते.

"आण्णा, इथं न्हाय जमणार. तालमीसमोर मोकळं हाय, तिथनं घेऊ."

तालमीसमोर यंत्र पंधरा मिनिटं स्थिर ठेवलं. आठ उपग्रह लागले, अचूकता चार मीटरवर आली. आता तिथून टेपनं अंतर घ्यायचं, होकायंत्रानं दिशा घ्यायची आणि खूण नकाशावर ठेवायची. होकायंत्र जुळवण्यासाठी वीरेश यंत्र आडवं धरून हळूहळू दोनदा गोल फिरला. सयाजी त्याच्या खांद्याला खांदा लावून पाहत होता. मग सातव्या जागेपर्यंत टेप लावला. शेहेचाळीस मीटर.

खूण पडली ती तानाबाईंच्या स्वयंपाकघरात.

तानाबाई दारातल्या कट्ट्यावर लसूण सोलत होत्या. "माझ्या चुलीखाली नळ हाय व्हय? मग रांगंत कशाला उभी राहतीया मी?"

वीरेशनं पुन्हा मोजलं. तेच. "आण्णा, वय झालंय. जागा चुकली असंल. मी 'सापडला नाही' असं लिहितो."

सयाजीनं एकदा डांबराकडं पाहिलं. मग वरच्या गल्लीचं पाणी बंद करायची वेळ झाली, म्हणून चावी खांद्यावर टाकून निघून गेला.

वीरेश होता तिथंच उभा होता. लिहायला पडदा बघितला, तर दिशा बदलली होती. त्याचे पाय हलले नव्हते, हातही नाही. तो काही वेळ पडद्याकडं आणि काही वेळ सयाजी गेला त्या कोपऱ्याकडं पाहत राहिला.

सयाजी परत आला तेव्हा वीरेश ओरडला, "आण्णा, चावी लांब ठेवा! पार त्या भिंतीकडं! लोखंडानं होकायंत्र बिघडतंय."

"बिघडतंय तुझं यंत्र, आणि बोल मला," सयाजी म्हणाला, पण चावी भिंतीला टेकवून आला.

वीरेशनं होकायंत्र पुन्हा जुळवलं, पुन्हा दोन फेऱ्या. टेप तोच, शेहेचाळीस मीटर. खूण स्वयंपाकघरातून निघाली आणि रस्त्याच्या मधोमध बसली. तानाबाईंनी वाकून पाहिलं. "गेला व्हय माझा नळ?"

रविवारी ठेकेदाराच्या माणसांनी नकाशावरच्या खुणेजवळ खोदायला घेतलं. पहिल्या खड्ड्यात नुसता मुरूम. सयाजीनं दोन पावलं पलीकडं बोट दाखवलं. दीड फुटावर पहार लोखंडावर वाजली. वीरेशनं वहीत ते दोन पावलांचं अंतरही लिहून घेतलं.

सोमवारी काँक्रीट पडलं. सात चौकोन मोकळे राहिले, आठवड्याभरात त्यांवर झाकणं बसली.

सयाजी निवृत्त होणार होता त्याच्या आदल्या दिवशीच वारला, दुपारी जेवून पडला असताना. त्या दिवशी पहाटे त्यानं नेहमीसारखंच पाणी सोडलं होतं. सातव्या झाकणावर कुणीतरी मोटारसायकल लावली होती. मालक डोळे चोळत बाहेर आला, तेव्हा सयाजी त्याला म्हणाला, "पावणं, गाडी जरा बाजूला घ्या की, झाकण उघडायचंय."