ओली वाळू

गवईबाईंना राग लवकर यायचा आणि तो गिळायची त्यांना सवय नव्हती. १९६४ साली रोहिणखेडच्या पलीकडच्या एका गावात त्या सातवीला भूगोल शिकवत. नोकरी अजून कच्ची होती. मार्चात शिक्षणखात्याचे दिपोटीसाहेब शाळेच्या तपासणीला येणार होते. त्यांचा शेरा चांगला पडला तर बाई कायम, नाहीतर घरी.

तपासणीच्या दिवशी साहेब वर्गात येऊन बसले. बाईंनी फळ्यावर डावीकडे अरबी समुद्र काढला, उजवीकडे जमीन. समुद्रावर ‘जास्त दाब’ लिहिलं, जमिनीवर ‘कमी दाब’. खालून समुद्राकडून जमिनीकडे ठळक बाण, ‘बाष्प आणणारे नैऋत्य वारे’. वरून उलटा, बारीक बाण. अंगणात दोन थाळ्या सकाळपासून उन्हात होत्या, एकीत वाळू, दुसरीत पाणी. शिपाई सहदेवने त्या आणून काच लावलेल्या खोक्यात ठेवल्या. बाईंनी मधोमध पेटती उदबत्ती लावली.

"वाळू लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, अन् तिची जागा घ्यायला पाण्यावरची हवा धावते. आता धूर कुठं जातो पाहा."

धूर सरळ वर गेला. साहेब हसले आणि त्यांनी शाळेच्या शेराबुकात लिहिलं, ‘प्रयोग फसला. विषयाची समज कच्ची.’ मग ते एसटी गाठायला निघाले.

बाईंनी वाळूत बोट खुपसलं. वरून सुकी, आतून चिंब!

"सहदेव, वाळू काऊन ओली बे?"

"मोठ्या सरांनी सांगतलं, बाई. सायबाच्या बुटावर धूळ नको म्हणे. अंगणात सडा मारला, तसा थाळीतबी मारला."

मुख्याध्यापक भगवानराव शेजारीच उभे होते. सगळं माहीत असून साहेबांपुढे त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. "जाऊ द्या न बाई," ते म्हणाले.

बाईंचं डोकं फिरलं. खोकं आणि शेराबुक काखेत मारून त्या थेट एसटीच्या फाट्यावर साहेबांपुढे गेल्या. मागून अख्खी सातवी, अनवाणी. रस्त्यावरचा फुफाटा इतका पोळत होता, की पोरं गुरांच्या हाळाच्या पाण्यात पाय बुडवून उभी राहिली.

"साहेब, ऊन दोघांवर सकाळपासून सारखंच आहे. ह्या पोरांच्या पायाले विचारा, कोण जास्त तापलं ते! तुमच्या पायात बूट हायेत, तुमाले काय समजणार?"

एका थाळीत त्यांनी फुफाटा भरला, दुसरीत हाळाचं पाणी. काच लावली, उदबत्ती पेटवली. धूर फुफाट्याकडे सरकला, त्याच्यावर चढला आणि वरून पाण्याकडे वळला. हुबेहूब फळ्यावरचे बाण. साहेब वाकून बघत राहिले. एसटी आली तेव्हा त्यांनी घाईघाईनं आधीचा शेरा खोडून नवा लिहिला.

एसटीमागची धूळ बसल्यावर बाईंनी वाचलं, ‘प्रयोग उत्तम. मुख्याध्यापकांचे मार्गदर्शन स्तुत्य.’

नोकरी वाचली, पण बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. त्या शाळेत परतल्या आणि शेराबुक भगवानरावांच्या टेबलावर आदळलं. मग त्यांना सातवीच्या वर्गात नेलं, फळ्यावरचे दोन्ही बाण पुसले आणि खडू त्यांच्या हातात दिला.

"घ्या सर, मार्गदर्शन करा. वारा कुठून कुठं जातो, तेवढं काढून दाखवा."

सातवी बाकांवरून माना उंचावून बघत होती. भगवानराव खडू धरून फळ्यापुढे उभेच राहिले, शाळा सुटेपर्यंत.