जिनातली ती दुपार

राळेगावच्या कोर्टाच्या आवारातला कडुनिंबाखालचा सिमेंटचा बाक आता मोकळा असतो. तसं पाहिलं तर त्यावर रोज कुणीतरी बसलेलं असतंच. पण माझ्या लेखी तो मोकळाच. सात-आठ वर्षं प्रत्येक तारखेला एक बाई माझ्या आधी येऊन तिथं बसायची, आणि तिची मला फार आठवण येते. वकिलानं पक्षकाराची आठवण काढावी असं काही आमच्या धंद्यात शिकवत नाहीत. पण येते त्याला काय करणार!

ती जवळच्याच एका बंजारा तांड्यावरची. गावाबाहेरच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस उचलायला जायची. वयानं माझ्याहून थोडी मोठी, अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ. आमचं दोघींचं जमलं ते बहुधा या शेवटच्या गुणामुळे. जिनात बायकांसाठी आडोसा नव्हता. मालक एकदा पाहणीला आला तेव्हा हिनं सगळ्यांसमोर त्याला तोंडावर विचारलं, "आमी बायांनी कुटी जाव, साहेब?" मालक मान हलवून गेला. मॅनेजरनं मात्र ते मनात ठेवलं.

पुढे महिनाभरात मॅनेजरचा मोबाईल हरवला. त्या दिवशी हिनं अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली होती. लग्न होऊन वर्ष न झालेली तिची एकुलती लेक नवऱ्याबरोबर कायमची हैदराबादकडे निघाली होती. दोनच्या एसटीनं आधी पांढरकवड्याला, तिथून पुढे. आईनं स्टँडवर यायचं, कुरडयांचं गाठोडं द्यायचं आणि डोळे भरून बघून घ्यायचं, एवढंच ठरलं होतं. गाठोडं सकाळपासून तिच्याजवळच होतं.

अकरा वाजता मॅनेजरनं तिला बारदानाच्या खोलीत बोलावलं. मोबाईल तूच घेतलास, या कागदावर सही कर आणि जा, म्हणाला. ती म्हणाली, घेतलाच नाही तर सही कायले करू? त्यानं बाहेरून कडी लावली, दारावर चौकीदार उभा केला. दर तासाला येऊन विचारायचा, केली का सही? खोलीला वरच्या अंगाला एक झरोका होता. जिन रस्त्याला लागूनच. दोनच्या सुमाराला हॉर्न ऐकू आला तशी ती बारदानाच्या थप्पीवर चढली. तिला फक्त एसटीचं छप्पर दिसलं.

पाच वाजता दार उघडलं ते मॅनेजरनं ठाण्यात जाऊन फिर्याद दिल्यावर. पोलीस आले, तिला घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात उभं केलं. तिथं मी तिला पहिल्यांदा पाहिलं. जामीन करून दिला. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "वकीलबाई, पोलिसांवर केस करता येते का?"

मी तेव्हा गरम डोक्याची होते, आताही आहेच. अटकेचे कागद काढून दिवसभर चाळत बसले, कुठं फट सापडते का म्हणून. सापडली नाही. नोकरानं मालकाकडे चोरी केल्याची फिर्याद, म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येण्यासारखा गुन्हा. अटकेची गरज काय, याची कारणं लिहिलेली. सूर्य मावळायच्या आत, महिला शिपायाच्या हातून अटक. तिला कारण सांगितलेलं, भावाला कळवलेलं, चोवीस तासांच्या आत न्यायाधीशासमोर हजर केलेलं. त्या शिपाई बाईनं तिला स्वतःच्या डब्यातली भाकरीसुद्धा दिली होती. मला त्या भाकरीचाही राग आला.

"पण मी चोरी केलीच नाई ना!" ती म्हणाली.

तेच तर समजावणं कठीण असतं. अटक कायदेशीर की बेकायदेशीर हे माणूस खरोखर गुन्हेगार आहे की नाही यावर ठरत नाही. अटक करणाऱ्याला तसा अधिकार होता का, हाताशी पटण्याजोगं कारण होतं का आणि त्यानं रीत पाळली का, यावर ठरतं. निर्दोष माणसाचीही कायदेशीर अटक होते. मॅनेजरची गोष्ट वेगळी. साध्या नागरिकाला कुणाला धरायचा हक्क अगदी थोडा. मोठा गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर धरावं आणि लगेच पोलिसांच्या हवाली करावं. त्यानं काही पाहिलं नव्हतं, नुसता संशय. आणि सहीसाठी सहा तास कोंडून ठेवलं. तो संशय त्याच्या मनात खरा होता की खोटा, हेही तिथं बघायची गरज नसते. अधिकार नसताना माणसाला जाऊ दिलं नाही, एवढं पुरतं. मारहाण नको, वाईट हेतू नको, कडी पुरते.

हे सगळं मला येत होतं. परीक्षेत लिहून आले होते. आणि तरीही मी तिला काय सांगितलं? आमच्या तालुक्याच्या कोर्टांत सगळे वकील जे सांगतात तेच. आधी फौजदारीतून सुटू दे, मग दिवाणीचं पाहू. आमच्याकडची ही रीतच आहे. सुटका झाली की हातात निकाल असतो, दावा भक्कम होतो, असं आम्ही चहाच्या टपरीवर एकमेकांना सांगत असतो. ती म्हणाली, बरं. माझ्यावर तिचा भारी विश्वास होता.

मग तारखा सुरू झाल्या. ती बाकावर बसायची, पदरात भाजलेल्या शेंगा असायच्या, अर्ध्या मला द्यायची आणि लेकीबद्दल बोलायची. लेकीच्या सासरी कळलं होतं, की विहिणीला पोलिसांनी उचललं. त्यांनी माहेर तोडलं. फोन केला तर लेक दोन शब्द बोलून ठेवायची. एकदा म्हणाली होती, मी निघाली त्या दिवशी तू ठाण्यात होतीस, लोक हसत होते. "ठाण्यात तं मी पाच वाजता गेली," ही मला सांगायची. "दोन वाजता मी जिनात होती. कोंडलतं मले. हे कोनीतरी लिहून द्या ना, वकीलबाई, कोर्टाच्या कागदावर. मंग लेक मानन." तिला पैसे नको होते. तिला ती दुपार कागदावर हवी होती.

चार वर्षांनी ती निर्दोष सुटली. आम्ही पेढे वाटले. आठवड्याभरात मी दावा तयार केला. कोंडून ठेवल्याबद्दल आणि खोटी केस केल्याबद्दल, दोन्हीची भरपाई एकत्र. मुदतीचा परिच्छेद लिहिताना माझा हात थांबला. दोन्हीची मुदत एकेक वर्षच. पण खोट्या केसची मुदत केस संपल्यापासून मोजतात, आणि कोंडण्याची, कडी निघाल्यापासून. कडी चार वर्षांपूर्वी निघाली होती. अपिलाला उशीर झाला तर माफी मागता येते, दाव्याला तीही सोय नाही. त्या दिवशी मी जेवले नाही. तरी दोन्ही मागण्या ठेवून दिल्या, नशिबावर. समोरच्या वकिलानं पहिल्याच उत्तरात बोट ठेवलं आणि न्यायाधीशांनी मुदतीचा मुद्दा आधी ऐकून तेवढा भाग काढून टाकला. तिनं विचारलं, काय झालं? मी म्हणाले, कायद्याचं असंच असतं. कायद्याचं तसं काही नसतं. माझं तसं होतं.

उरलेला दावा अवघड होता. तिथं नुसतं निर्दोष सुटणं पुरत नाही. फिर्याद त्यानंच दिली, केस आपल्या बाजूनं संपली, फिर्यादीला सबळ आणि वाजवी कारण नव्हतं, मनात खोट होती, आणि आपलं नुकसान झालं, हे सगळं आपण शाबीत करायचं. मॅनेजर शपथेवर म्हणाला, मला प्रामाणिक संशय होता. तेव्हा त्याला तोडायला आला तो दारावरचा तोच चौकीदार. जिन सोडून तो आता बोरी अरब या गावी शेती करत होता. पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "मोबाईल मॅनेजर साहेबाच्या गाडीच्या डिक्कीतच होता जी. चार वाजता माह्यासमोर काढला. म्हने, चूप राह्य. अन् मंग ठान्यात गेले." आडोशाच्या प्रश्नावरून मॅनेजर तिच्यावर कसा खार खाऊन होता, तेही त्यानं सांगितलं. तिथं केस फिरली.

निकाल आमच्या बाजूनं लागला. खोटी, द्वेषानं केलेली केस, असे शब्द त्यात होते. ती बाकावर बसून म्हणाली, "खोलीचं कुटी लिवलं हाय, ते वाचा." मी वाचलं. कोंडून ठेवल्याबाबतची मागणी मुदतबाह्य म्हणून पूर्वीच फेटाळल्यानं त्यावर निर्णय देण्याची आवश्यकता नाही. एवढंच.

मग मी बोलले. चूक कायद्याची नव्हे, माझी. मी वेळेवर दावा टाकला असता तर ती दुपार या कागदात असती. मला रडू आलं, कोर्टाच्या आवारात, काळ्या कोटात. ती म्हणाली, "तुमीच लिहा मंग. अकरापासून पाचपर्यंत. तुमच्या सहीनं."

मी माझ्या नावाच्या कागदावर लिहिलं. अमुक दिवशी अकरा ते पाच हिला जिनाच्या बारदानाच्या खोलीत कोंडलं होतं. दोनची गाडी गेली तेव्हा ती बारदानावर उभी होती आणि तिला छप्पर दिसलं. हे कोर्टानं ऐकलं नाही त्याला कारण मी. खाली सही केली. त्या कागदाला कायद्यात कवडीची किंमत नाही. निकालाच्या नकलेसोबत तिनं तो रजिस्टर पोस्टानं लेकीला पाठवला.

त्यानंतर तारीखच उरली नाही, म्हणून ती आली नाही. शेंगांचा मोसम आला, गेला. मी उगाच बाकाकडे बघायचे.

एका सकाळी फोन आला. त्या कागदावर माझा नंबर होता. बाईचा आवाज, थोडा हैदराबादी, खाली आपला वऱ्हाडी.

"याडीचा फोन लागून नाई राह्यला," ती म्हणाली. बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात. "तिले सांगसान का? त्या दिवशी मी एसटीत जिनाकडच्या खिडकीतच बसलती. याडी गेटापाशी उभी असन म्हनून पाह्यत होती. लय दूरवर पाह्यत राह्यली."

मी विचारलं, कधी येतेस? ती म्हणाली, पाहू. आणि फोन ठेवला.

मी कोर्ट सोडून स्कूटरनं तांड्यावर गेले. ती अंगणात तूर पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"कोन्या बाजूनं बसलती म्हने?"

"जिनाकडच्या."

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. मग आणखी एकदा सांगितलं.