पडवीपर्यंतचं माप

कडावच्या त्या घराच्या गच्चीवर मी कधी चढलोच नव्हतो. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. कागदावर मात्र माझ्या सहीनिशी लिहिलेलं आहे : 'माप प्रत्यक्ष जागेवर टेपने घेतले.'

छतावर सोलर बसवणाऱ्या कर्जतमधल्या एका छोट्या एजन्सीत मी काम करतो. गच्चीची लांबी-रुंदी घ्यायची, पॅनल कुठे आणि किती बसतील याचं ड्रॉइंग काढायचं, आणि ते फिटरच्या हाती द्यायचं. ऑफिसपासून कडाव लांब नाही. त्या दिवशी मला दुसरं कामही नव्हतं. ऊन होतं आणि कंटाळा आला होता, एवढंच कारण. त्याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

मी कॉम्प्युटरवर उपग्रहाचा नकाशा उघडला. भाताची खाचरं, रस्त्याचं वळण, गोठा, मग ते घर. नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी असते, इतकी लांबी म्हणजे इतके मीटर. झूम हलला की पट्टीही बदलते, म्हणून झूम जागच्या जागी ठेवून मी स्क्रीनला फूटपट्टी लावली. दहा मीटरची पट्टी बरोबर दोन सेंटिमीटर भरली, म्हणजे एका सेंटिमीटरला पाच मीटर. छप्पर उत्तर-दक्षिण दोन पूर्णांक चार सेंटिमीटर, म्हणजे बारा मीटर. रुंदी दीड सेंटिमीटर, म्हणजे साडेसात. दोनदा मोजलं. माझं मोजणं नेहमीच नीट असतं.

उत्तरेकडचे साडेतीन मीटर जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी यांत गेले. उरलेल्या साडेआठ मीटरमध्ये पाच-पाच पॅनलच्या दोन रांगा, मागच्या रांगेवर सावली पडू नये म्हणून मध्ये मीटरभर मोकळी जागा. सगळ्याला मिळून साडेपाच मीटरही लागत नव्हते. ऐसपैस बसत होतं. गच्चीचा फोटो मी घरमालकाकडून फोनवर मागवला. त्याने पाठवला तो टाकीचा, दक्षिणेकडे पाठ करून काढलेला. मी तोच ड्रॉइंगला जोडला.

वरून काय दिसतं आणि काय नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आपल्याकडे घरापुढे पडवी काढतात आणि तिच्यावर सिमेंटचे पत्रे घालतात. चार-पाच पावसाळे गेले की पत्रा आणि स्लॅब दोन्ही शेवाळाने सारखेच काळे पडतात. नकाशात ते एकच चौकोन दिसतात. बारा मीटर हे माप चुकलं नव्हतं. त्यातला स्लॅब जिना-टाकी धरून साडेआठ मीटरच होता, म्हणजे पॅनलला पाचच मीटर उरत होते; दक्षिणेकडची साडेतीन मीटर पडवी होती. टेप घेऊन वर गेलो असतो तर हे पहिल्या मिनिटाला कळलं असतं.

कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास फिटरचा फोन आला. तो कशेळ्याच्या बाजूचा, वयाने माझ्याहून थोडा लहान, आमच्याकडचा सगळ्यात जुना माणूस. त्याला थट्टेशिवाय बोलताच येत नसे.

"साहेब, टेप कुठल्या दुकानातून घेतली तुमी? आमच्या टेपमदी गच्ची छोटी भरतेय."

"म्हणजे?"

"म्हंजे पुढच्या रांगेच्या स्टँडचं पुढचं पाय हवेत चाललंत. स्लॅब संपला, खाली पडवीचा पत्रा हाय. तुमी वर आल्तं ना?"

हा प्रश्न त्याने हसत विचारला होता. मी हसलो नाही.

"आलो होतो," मी म्हणालो. "पत्र्याखाली लोखंडी पाइप आहे. पाय त्याच्यावर घ्यायचे."

पाइप आहे की लाकूड, मला काहीच माहीत नव्हतं.

मागून घरमालकाचा आवाज ऐकू येत होता. म्हातारा खालून ओरडत होता, "अरं, त्या पत्र्यावर नको जाऊ रं, लय जुना हाय तो!"

"आयकलं का?" फिटर म्हणाला. "बाबा नाय म्हनत्यात. दोन पॅनल कमी करू, नायतर रांग आडवी घेऊ. ड्रॉइंग बदलून द्या."

ड्रॉइंग बदलायचं म्हणजे एजन्सीच्या मालकाकडे जायचं. मालक विचारणार, जागेवर जाऊन माप घेतलं होतं ना? तिथे एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते मला नको होतं.

"पत्र्याच्या बोल्टच्या रांगेवरून चाल, खाली पाइपच असतो, काही होत नाही," मी म्हणालो. "पाइप किती अंतरावर आहे ते मापून सांग. आज स्ट्रक्चर उभं झालंच पाहिजे."

"बरं. तुमी बघितलंय म्हंता, तर जातो."

मी फोन ठेवला आणि चहा मागवला. चहा आला. मी कप हातात धरून फोनकडे बघत बसलो. पाइप मापायला पाच मिनिटं पुरतात. पंधरा झाली. एकदा वाटलं, फोन करून त्याला थांबवावं. नंबर काढला आणि लावला नाही. मग फोन वाजला, तर तो घरमालकाचा होता.

पत्रा फुटून फिटर पडवीतल्या दगडी पायरीवर कमरेवर आपटला होता.

मणका मोडला होता. पनवेलला ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मी मालकाबरोबर दवाखान्यात गेलो. तो उताणा पडला होता आणि त्याची बायको उशाशी बसली होती. मालकाने सगळ्यांसमोर मला विचारलं, "त्याने तुला फोन केला होता म्हणे. तू काय सांगितलंस?"

"मी म्हणालो, थांब," मी सांगितलं. "पत्र्यावर जाऊ नको म्हणालो."

फिटरने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. तो काही बोलेल म्हणून मी थांबलो. तो बोलला नाही. पुन्हा छताकडे बघू लागला. त्याची बायको मात्र बोलली, मला नाही, त्याला.

"थांब म्हनले तर थांबायचं व्हतं ना! सगळ्यांची मस्करी करायची, कुनाचं आयकायचं नाय. भोगा आता."

तो आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतो. गच्चीवर चढायचं काम त्याला पुन्हा जमणार नाही. शेत बायकोच बघते. दिवाळीत मी गेलो होतो, मिठाई घेऊन. ती चहा ठेवता ठेवता तेच म्हणाली, आता सवयीने, राग नसलेल्या आवाजात : "साहेबांनी थांब म्हनलं व्हतं." तो दारात बसून बाहेर बघत होता. मी चहा प्यायलो आणि निघालो. तो माझ्याशी थट्टा करत नाही. "बसा" म्हणतो, "येवा" म्हणतो, तेवढंच.

तो गप्प का राहिला, हे मी त्याला विचारलेलं नाही. ऑफिसातल्या माणसाचा शब्द मोठा ठरेल असं त्याला वाटलं असेल, किंवा आपटल्यावर त्या दिवसाचं त्याला नीट आठवतच नसेल. यातलं दुसरं खरं असावं, असं मला फार वाटतं, आणि तसं वाटण्याचीच मला लाज वाटते.

घरमालकाच्या गच्चीवर नंतर आठ पॅनल बसले. नवं माप दुसऱ्याने टेपने घेतलं. मी अजूनही ड्रॉइंग काढतो. प्रत्येक गच्चीवर आता स्वतः चढतो, पण त्याने त्या माणसाचं काहीच फिटत नाही.

मी 'थांब' म्हणालो नव्हतो, 'जा' म्हणालो होतो. हे त्याच्या बायकोला, त्याच्या समोर, माझ्या तोंडाने सांगायचं राहिलं आहे. मग मालकाला. एवढं मी त्याचं देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.