मागची बाजू कुणाची?

व्हिजिटिंग कार्ड साडेतीन इंच बाय दोन इंचांचं असतं. एवढ्या जागेत दोन जावा मावत नाहीत, हे मला डिझाइनच्या कोर्सला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी आमच्या घाटकोपरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर शिकले.

आई आणि काकू सख्ख्या जावा. समोरासमोरच्या दारांत राहतात आणि दोन्ही दारं दिवसभर उघडी असतात. त्या दोघींनी कोंबडीवड्यांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा कामाची वाटणी आपोआप झाली. रस्सा आईचा, वडे काकूचे. आईला वडे जमत नाहीत, ते तेलात पडले की चपट्या पुऱ्या होतात. काकूचा रस्सा चांगला होतो, पण आजीने मसाल्याचं प्रमाण थोरल्या सुनेलाच दिलं होतं. म्हणजे एकीशिवाय दुसरीचं पान हलत नव्हतं. त्या रविवारी सोसायटीच्या मैदानात खाद्यजत्रा होती, त्यांनी पहिलाच स्टॉल घेतला होता आणि वाटायला कार्डं हवी होती. मी अंधेरीला एका ऑफिसात डिझायनर आहे, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडणार हे ठरलेलंच होतं.

आधी मी दोघींची नावं एकाच बाजूला घेतली. वर कोण, खाली कोण, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शेजारी शेजारी घेतली, तर डावीकडे कोण? शेवटी मी शहाणपणा केला. कार्डाला दोन बाजू असतात, एकेकीला एकेक घ्या. दोन्ही बाजूंना तोच कोकमाचा रंग, तीच अक्षरं, नाव आणि नंबर जिचा तिचा. दोघी खूश झाल्या. मीही स्वतःवर खूश होते, ही माझी चूक.

प्रेसवाल्याला फोन लावला तेव्हा फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, दोन पानांची एकच पीडीएफ पाठवा, पहिलं पान फ्रंट, दुसरं बॅक. काकू चहा ढवळत होती. चमचा थांबला.

"बॅक म्हणजे माझी?" तिने विचारलं.

मी समजावलं की छापणाऱ्याला काहीतरी म्हणावं लागतं, कार्ड उलटं केलं की बॅकचं फ्रंट होतं. आई म्हणाली, अगो, मोठीचं नाव आधी असायचंच. एवढं वाक्य तिने गिळलं असतं तर पुढचा घोळ टळला असता. पण वाक्य गिळणं आमच्या घराण्यात नाही.

"लग्नाच्या फोटोपासून मी मागेच उभी आहे वहिनी," काकू म्हणाली. "आता कार्डावर पण मागे? मग वडे पण तुम्हीच तळा."

ती गेली आणि समोरचं दार बंद झालं. ते दार दिवसा बंद झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. स्टॉलपेक्षा मला त्या दाराचं वाईट वाटलं.

बोलणी बंद झाली तरी डिझाइनचं काम मात्र जोरात सुरू झालं. काकूचा मेसेज आला, माझं नाव जरा मोठं कर. आईने माझ्या खांद्यावरून तो वाचला आणि स्वतःचं त्याहून थोडं मोठं करायला लावलं. मग काकूचा नंबर वाढला, मग आईचा. मी ओरडून सांगत होते, तीन रेघा असतात. मधली रेघ कापायची. तिच्या बाहेर तीन मिलिमीटर रंग जास्तीचा, कारण कापताना पातं थोडं सरकतं आणि रंग तिथेच संपला असेल तर कडेला पांढरी चीर दिसते. तो ब्लीड. आणि तितकंच आत सोडायचं ते सेफ एरिया. नाव, नंबर, जे गमवायचं नाही ते सगळं त्याच्या आत.

आईला ब्लीड लगेच कळला. शेपूट आणि पर जाणार हे धरूनच मासा थोडा मोठा घ्यायचा, ती म्हणाली. पण सेफ एरिया तिच्या पचनी पडेना. एवढी चांगली जागा मोकळी सोडायची, ती कुणाच्या बापासाठी?

दोन्ही नंबर त्या आतल्या रेघेबाहेर गेले, कापायच्या रेघेला टेकले. मी हात टेकले. म्हटलं, आता डोळ्यांनीच बघा. घरच्या प्रिंटरवर दोन्ही पानं खऱ्या मापात काढली, पाठीला पाठ लावून नीट चिकटवली, खुणांवर पट्टी ठेवून कटरने कापली. नमुना बघायला काकूला बोलावलं. ती आली, पण खुर्चीवर बसली नाही, दारातच उभी राहिली. पाहुण्यासारखी.

आईने कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. डावीकडे रंग जरा जास्त दिसतोय, म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिने मासे साफ करायची कात्री घेतली आणि आपल्या बाजूची डावी कड सुतभर उडवली. समाधानाने बघितलं. मग कार्ड उलटं केलं.

काकूच्या नंबरचा शेवटचा आकडा गेला होता.

एका बाजूची डावी कड म्हणजे दुसऱ्या बाजूची उजवी, हे माझ्या पोटापाण्याचं ज्ञान. आईला ते त्या क्षणी कळलं. काकू पुढे आली आणि तिनेही बघितलं. तुटलेला आकडा टेबलावर पडला होता, तो आईने बोटाने उचलला आणि कार्डाला परत लावून धरला, जसा काही चिकटणारच होता. मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून आवरलं.

"मी माझं कापत होते गो," ती काकूला म्हणाली. "तुझं जाईल असं वाटलं नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, हिचं सगळं आत घे, आणि माझं पण. काकूने खुर्ची ओढली.

यानंतर भांडण संपलं असं कुणाला वाटत असेल, तर त्याला आमच्या घरच्या बायका माहीत नाहीत. भांडण फक्त उलटं झालं. पहिलं पान हिचं टाक, आई म्हणे. नको, वहिनींचंच टाक, काकू म्हणे. हेही तितक्याच जोरात. मी शेवटी नाणं उडवलं. आई जिंकली, म्हणजे पहिलं पान तिचंच, आणि तोंड पाडून बसली. मी नावं-नंबर रेघेच्या आत घेतले, रंग कडेबाहेर पसरलेला तपासला, प्रेसमध्ये फॉन्ट बदलू नये म्हणून अक्षरांच्या आउटलाइन केल्या, दोन पानांची पीडीएफ पाठवली आणि गाढ झोपले.

शनिवारी छापलेल्या कार्डांचा डबा आला तेव्हा काकू बाजारात होती. प्रेसवाले डब्याच्या झाकणावर एक कार्ड नमुन्याला चिकटवतात, अर्थातच पहिलं पान वर करून. आईने झाकणावर स्वतःचं नाव बघितलं. पदराने पुसलं. आयुष्यात पहिल्यांदा छापलेलं नाव होतं तिचं, बघू दे की. मग तिने डबा उघडून आणखी एक कार्ड काढलं, मागून गम लावला आणि काकूची बाजू वर करून आपल्या नावावर नीट, कडेला कड जुळवून चिकटवलं. मला डोळ्यांनी दटावलं, बोलायचं नाही.

काकू आली. झाकण बघितलं. मग त्यावरून बोट फिरवलं. वड्याची जाडी बोटाने ओळखणारी बाई, तिला दोन कार्डांची जाडी कळणार नाही होय? तिने नखाने एक कोपरा उचलला, खाली आईचं नाव बघितलं आणि कोपरा अंगठ्याने पुन्हा घट्ट दाबून बसवला.

"राहू दे वहिनी," ती म्हणाली. "आज तुम्ही मागे उभ्या राहा. पीठ भिजवायला घेते."