परक्या मैदानावरचा गोल

जळकोटच्या मैदानावर गोलाचे दोन खांब उभे आहेत ते मल्लेशच्या हातचे. त्याचा धंदा वेल्डिंगचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शटर, देवळाची जाळी, जे येईल ते करतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी उरलेल्या पाइपातून त्याने हे खांब जोडले आणि पोरं गोळा केली. गावाला फुटबॉलचं काही कौतुक नव्हतं. क्रिकेट खेळणाऱ्यांना तर ते खांब डोळ्यांत खुपायचे. चेंडू सीमेकडे निघाला की नेमका खांबाला आपटून माघारी यायचा.

म्हणून संघ विभागीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला त्या वर्षी युवक मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष मलप्पानं स्पष्ट सांगितलं, "मल्लेश, उपांत्य फेरीत आलाव, चांगलं हाय. पण अंतिमला न्हाई गेलाव तर दिवाळीला खांब काढायचे. लई वर्सं झाली तुझी हौस."

मल्लेश तोंडाचा गोड नव्हता. "काढ ना," तो म्हणाला, "गॅस कटर माझाच लागंल तुला." बैठक हसली. घरी आल्यावर मात्र बायकोनं, दानम्मानं, दोनदा जेवायला हाक मारली तरी त्याला ऐकू गेलं नाही.

उपांत्य फेरीची गाठ नांदेडच्या गोदावरी क्लबशी होती. त्यांच्याकडे वीस-बावीस खेळाडू आणि सत्यम नावाचा शिकलेला, परवानाधारक प्रशिक्षक. जळकोटकडे मोजून चौदा पोरं. सामने दोन, एक इथे आणि एक तिथे. दोन्हींची बेरीज सारखी झाली, तर ज्यानं परक्या मैदानावर जास्त गोल केले तो पुढे, असा नियम स्पर्धेच्या पत्रकात छापलेला होता. तिथेही बरोबरी असेल तर अर्ध्या तासाचा जादा वेळ, आणि शेवटी पेनल्टी.

हा नियम मल्लेशनं असा घोळवला होता की कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. घरी गोल झाला नाही तरी चालेल, पण घरी गोल खायचा नाही. आपण घरी शून्य-शून्य ठेवलं, की नांदेडात एक-एक झालं तरी आपणच पुढे. दुबळ्याला बलवानावर मात करावी लागत नाही, त्याच्या अंगणात बरोबरी केली की भागतं.

पण हे गावाला कोण समजावणार? पहिला सामना बघायला अख्खं जळकोट लोटलं होतं आणि मल्लेशनं नऊ पोरं आपल्याच गोलापुढे उभी केली. चेंडू आला की लाथ मारून लांब. सामना शून्य-शून्य सुटला तेव्हा मैदानावर शिट्ट्या वाजल्या, आणि त्या कौतुकाच्या नव्हत्या. "घरच्या मैदानावर एक गोल न्हाई! भित्रा हायस का बे?" असं मलप्पा चारचौघांत ओरडला. मल्लेशला हवं होतं ते मिळालं होतं, पण शिव्या लागायच्या त्या लागल्याच.

हे शून्य-शून्य काय आहे ते सत्यमला मात्र बरोबर कळलं. दुसऱ्या सामन्याआधी नांदेडला स्पर्धा समितीची बैठक बसली, तिथे त्यानं मल्लेशपुढे विषय काढला. "काका, हा नियम आता जुना झाला. युरोपातल्या मोठ्या स्पर्धांनीसुद्धा काढून टाकला. बेरीज सारखी झाली तर सरळ जादा वेळ खेळू. जो चांगला तो जिंकेल."

"जो चांगला तो जिंकंलच," मल्लेश म्हणाला. "म्हणून तर तुला जादा वेळ पाहिजे. कुस्ती चटकन सुटली तर कुणाची पाठ लागंल सांगता येत न्हाई. लांबली की ज्याच्यात दम जास्त, त्याची. तुझ्याकडं बदलायला ताजी पोरं हायत, माझ्याकडं तीन. मधीच नियम बदलायचा असंल तर दोघांचा होकार पाहिजे. माझा न्हाई."

चिटणीस अमृतराव वयस्कर आणि सरळ माणूस. त्यांनी पत्रक पुढे ओढलं. "नियम राहील. पण पुन्हा शून्य-शून्य झालं तर जादा वेळ आहेच. त्या वेळातले गोल परक्या मैदानावरचे धरायचे का, ते इथे लिहिलेलं नाही."

"धरायचे," मल्लेश टेबलावर हात आपटून म्हणाला. "जादा वेळात काय आमचं घर नांदेडला येतंय का? मैदान तुमचं, लोक तुमचे. आम्ही तवा बी पाव्हणेच."

सत्यमनं क्षणभर विचार केला आणि हसला. नव्वद मिनिटांनंतर ही पोरं उभी तरी राहतील का, असं त्याच्या मनात आलं असावं. "चालेल, काका. मैदान येत्या सोमवारी मोकळं आहे. साडेचारला?"

"हाव, सोमवारीच," मल्लेश जिंकल्याच्या तोऱ्यात म्हणाला.

परतीची एसटी कंधारच्या पुढे आली तेव्हा शेजारच्या बाईच्या मांडीवर बेलाची पानं दिसली आणि मल्लेशच्या ध्यानात आलं. श्रावण लागला होता. येता सोमवार म्हणजे श्रावणी सोमवार. त्याच्या संघातली निम्मी पोरं लिंगायत घरांतली. सकाळी चहा, एखादं केळं, आणि मग दिवस मावळेपर्यंत काही नाही. तो स्वतः वीस वर्षं सोमवार धरत होता. नियमासाठी वाघासारखा भांडला आणि तारखेला मान डोलावून मोकळा झाला! उपाशीपोटी नव्वद मिनिटं, वर जादा वेळ आला तर आणखी अर्धा तास. सत्यमला जे बैठकीत मिळालं नाही, ते ह्यानं स्वतःच्या हातानं देऊन टाकलं.

घरी येऊन त्यानं दानम्माला सांगितलं. ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "पोरांला जेवा म्हन की. महादेव काय परीक्षा घ्यायला बसलाय?"

"मी धरतो आन् त्यांला सोडा म्हनू? कोन्त्या तोंडानं?"

तारीख बदला म्हणून त्यानं फोन केला. मैदान बाकीचे दिवस पोलीस भरतीच्या सरावाला दिलेलं होतं. अमृतराव हळहळले, पण त्यांचाही इलाज नव्हता. मग मल्लेश कपाळाला हात लावून बसला नाही. त्यानं पोरांना बोलावलं, उपास कुणाकुणाचा ते विचारलं आणि तिथल्या तिथे ठरवलं. सगळ्यांत कडक सोमवार कर्णधार मन्मथचा होता, आणि संघात गोल करणारा तोच एक.

"मन्मथ, तू बाहेर बसायचं."

"दादा!"

"जादा वेळ लागंपर्यंत बसायचं. गोल पयल्या मिनिटाला केला काय आन् शेवटच्या मिनिटाला केला काय, वजन तेवढंच. उलट शेवटी केला तर त्यांला फेडायला वेळ उरत न्हाई. तुझे पाय मला त्या वक्ताला पाहिजेत."

मन्मथ रागावून निघून गेला, पण सोमवारी टेम्पोत सगळ्यांच्या आधी येऊन बसला. टेम्पोत दानम्माही चढली, मांडीवर मोठा डबा घेऊन. मलप्पा मोटारसायकलवर मागून आला, खांब काढण्याचा मुहूर्त पक्का करायला आल्यासारखा.

नांदेडच्या मैदानावर पहिल्या मिनिटापासून गोदावरीनं रेटा लावला. जळकोटच्या गोलरक्षकानं दोन चेंडू कसे अडवले ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. तरी नांदेडकर पूर्ण मोकळे होऊन खेळत नव्हते. एक गोल खाल्ला की आपल्याला दोन करावे लागतील, ही धाकधूक त्यांच्या पायात होती. पुढे धावणारे बचावपटू अर्ध्यातून माघारी फिरत होते. मल्लेशला नियमाकडून हवी होती ती हीच भीती. मलप्पा मात्र काठावरून ओरडत होता, "मन्मथला घाल की! बसवून काय लोणचं घालून राहिलास?"

दुसऱ्या अर्ध्यात उपासाच्या पोरांचे पाय जड झाले. एकाला चक्कर आली, त्याच्या जागी ताजा पोरगा गेला. दुसराही बदलला. शेवटची बदली मल्लेशनं मुठीत धरून ठेवली. नव्वद मिनिटं संपली, शून्य-शून्य. दोन्ही सामन्यांत मिळून एकही गोल नाही.

जादा वेळ लागला आणि मन्मथ मैदानात उतरला. पण सत्यमचं गणित चुकीचं नव्हतं. जळकोटची पोरं गुडघ्यावर हात टेकून उभी होती, आणि अशातच एका कॉर्नरवर नांदेडच्या उंच पोरानं डोकं लावलं. एक-शून्य. मैदान नाचलं. मलप्पानं तोंड फिरवलं.

मल्लेशला जळकोटचे खांब आडवे पडलेले दिसले, खोटं कशाला सांगायचं. पण तो रेषेवरून ओरडला, "एकच! एकच पाहिजे!"

जादा वेळातली पहिली पंधरा मिनिटं संपली. बाजू बदलताना पोरं पाण्यासाठी रेषेशी आली, तेवढ्यात दानम्मा डबा घेऊन पुढे झाली. पश्चिमेला सूर्य झाडांमागे गेला होता.

"दिवस मावळला," ती म्हणाली. "सोडा सोमवार."

पोरांनी मल्लेशकडे पाहिलं. त्यानं आधी स्वतः डब्यातला शेंगापोळीचा तुकडा उचलला, "हर हर महादेव" म्हणून कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. मग सगळे तुटून पडले. गूळ आणि शेंगदाण्याचे दोन घास, वर पाणी. पंच शिट्टी वाजवून बोलवत होते. दोन घासांनी अंगात कितीसं बळ येतं? वैद्याला विचारलं तर नाही म्हणेल. पण पोरं मैदानात गेली ती धावतच.

समोर सत्यमची पंचाईत झाली होती. दुसरा गोल करायला जावं तर मागे जागा उघडी पडते, आणि एकच गोल राखावा तर एका चुकीत सगळं जातं. त्यानं पोरं मागे ओढली. जळकोटनं घरी जे केलं होतं, तेच आता नांदेड आपल्या घरी करत होतं. अगदी शेवटाला जळकोटच्या गोलरक्षकानं लांब लाथ मारली, गर्दीत कुणाच्या तरी खांद्याला लागून चेंडू मन्मथच्या पुढ्यात पडला. त्यानं नेम धरला नाही की काही नाही, नुसता पाय फिरवला. चेंडू खांबाला लागला आणि आत गेला.

थोड्या वेळात शेवटची शिट्टी झाली. एक-एक. नांदेडची पोरं पेनल्टी कुणी मारायच्या ते ठरवत होती. मलप्पाही म्हणाला, "आता पेनल्टी." मैदानात फक्त तिघं काहीच तयारी करत नव्हते. अमृतराव पत्रक घडी करून खिशात घालत होते. सत्यम मटकन खाली बसला होता. आणि मल्लेश रेषेवर उभा राहून रडत होता, सगळ्यांच्या देखत, तोंडही न पुसता.

सत्यमच आधी उठून आला. "जादा वेळातला गोलही परक्या मैदानावरचा धरायचा, ही तुमचीच अट होती काका. मी हसलो होतो," म्हणत त्यानं हात पुढे केला. मल्लेशनं त्याला जवळ ओढलं आणि उरलेली शेंगापोळी त्याच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मलप्पा दुकानावर आला. मल्लेशनं वेल्डिंगचा चष्मा वर केला. मलप्पा थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला, पाऊस, सोयाबीन. मग जाता जाता म्हणाला, "ते खांब की रे, खालून गंजून राहिलेत. अंतिम सामना आपल्याकडं बी होनार. मजबूत करून घे. पाइप मंडळ देईल."

मल्लेशनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि हातातलं शटर बाजूला सारून आधी पाइप मापायला काढला.